एसी मध्येच गरम हवा फेकायचा, दोष निघाला ड्रायरमध्ये

गाडीचा एसी सुरुवातीला मस्त गार, अर्ध्या तासाने गरम. थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा गार. गॅस कमी असता तर बहुधा असा लपंडाव झाला नसता. दाब मोजणारं गेज लावल्यावर कळलं: हवा गरम व्हायला लागली की लो साइडचा, म्हणजे कमी दाबाच्या बाजूचा, काटा शून्याखाली जायचा. म्हणजे गॅसमधलं पाणी एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकात गोठून वाट अडवत होतं. बर्फ वितळला की वाट मोकळी.

आधी गळका कंडेन्सर बदलताना गॅसमधली ओल शोषणारा ड्रायर जुनाच ठेवला गेला होता. त्यातले दाणे ओल धरून ठेवतात, पण पाइप उघडे राहिले की हवेतलीच ओल पिऊन भरतात. मग उरलेलं पाणी गॅस आणि तेलाशी मिळून आम्ल बनवतं, आणि ते कॉम्प्रेसर आतून खातं. मला खरी भीती त्याचीच होती.

मेकॅनिकदादांनी गॅस मशीनमध्ये काढून घेतला आणि नव्या ड्रायरची टोपणं अगदी जोडताना काढली. ओ-रिंग नव्या, ड्रायरपुरतं तेल, पाऊण तास व्हॅक्यूम. पंप बंद केल्यावर काटा हलला नाही, म्हणजे गळती नाही, तेव्हाच वजन करून गॅस भरला.

सिस्टीम उघडली, गॅस पूर्ण गळून गेला किंवा कॉम्प्रेसर बदलला, की ड्रायर बदलाच. काही गाड्यांत तो कंडेन्सरच्या कडेच्या नळीत असतो, तिथे नुसती दाण्यांची पिशवी बदलता येते.