या चुका टाळा: मुलांचा हेडसेट आणि कन्सोलचा आवाज

मी सोलापुरात कानाच्या तपासण्या करते. मे महिन्यात माझ्याकडे येणाऱ्या मुलांची तक्रार बहुतेक वेळा आईच सांगते. "हाक मारली तर ओ देत नाही, टीव्ही मोठा करून बघतोय." मागच्या उन्हाळ्यात आलेला अकरा वर्षांचा मुलगा मात्र स्वतःच बोलला. खेळून हेडसेट काढला की कानात बराच वेळ शिट्टी वाजते, असं तो म्हणाला. सुट्टीत तो रोज तीन तास पीएस४ खेळायचा. वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर कामाला. त्यांना मी हेडसेट घालून आवाज ऐकायला सांगितला, तर म्हणाले, "बारीकच वाटतंय की ओ मॅडम."

त्या घरात ज्या चुका होत होत्या, त्याच मला बहुतेक घरांत दिसतात. म्हणून त्या एका मुलाच्याच आधाराने सांगते.

मोठ्यांच्या कानाने आवाज ठरवणे

मागाच्या शेडमध्ये शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागतं. तिथे पंधरा-वीस वर्षं काढलेल्या माणसाचे बारीक, उंच पट्टीतले आवाज आधीच कमी झालेले असू शकतात, आणि त्याचं त्यालाच कळत नाही. अशा कानाला मुलाचा हेडसेट "बारीक" वाटणारच. शेडमध्ये काम न केलेल्या आई-वडिलांचा अंदाजही भरवशाचा नसतो, कारण दोन मिनिटं ऐकलेला आवाज आणि तीन तास कानावर आदळणारा आवाज यांत फार फरक आहे.

"हातभर अंतरावरून ऐकू आला तर मोठा" ही कसोटीही फसवते. कान पूर्ण झाकणाऱ्या हेडसेटमधून बाहेर फारसं काही येत नाही, आत मात्र आवाज चांगलाच मोठा असू शकतो. पडद्यावरच्या पट्टीवर "अर्धा" दिसतो, त्यालाही तसा अर्थ नाही. तीच पट्टी एका हेडसेटला बेताचा आवाज देते आणि दुसऱ्याला कितीतरी मोठा.

म्हणून मोजायचं. फोनवर आवाज मोजणारं अॅप घ्या. आयफोनवर NIOSH Sound Level Meter हे चांगलं अॅप मोफत मिळतं. एक जुनी सीडी घ्या. तिच्या भोकाशी फोनचा माइक धरा आणि दुसऱ्या बाजूने हेडसेटची एक वाटी घट्ट दाबून बसवा, म्हणजे कडेने आवाज निसटत नाही. मूल नेहमी खेळतं तोच खेळ, त्याच्या नेहमीच्या आवाजात, दहा मिनिटं चालू ठेवा. सरासरी आकडा बघा, क्षणभर उसळलेला कमाल आकडा नाही. अॅपमध्ये "A" वेटिंग निवडलेलं असू द्या. घरगुती मोजणीत चार-पाच डेसिबलची चूक सहज होते. अँड्रॉइड फोनमध्ये तर मॉडेलप्रमाणे फरक पडतो आणि काही माइक मोठा आवाज आपोआप दाबून टाकतात. तेव्हा आकडा कमी आला म्हणून निर्धास्त होऊ नका. जास्त आला तर मात्र लगेच हालचाल करा.

त्या मुलाचा आकडा आला ८८.

फक्त डेसिबल बघणे, तास न बघणे

कानाला होणारी इजा आवाज आणि वेळ यांच्या गुणाकारावर ठरते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या २०१८ च्या एच.८७० या मानकात मोठ्यांसाठी आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास आणि मुलांसाठी ७५ डेसिबलचे ४० तास ही मर्यादा धरली आहे. त्यापुढे आवाज ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मा होतो. म्हणजे मुलासाठी ७८ ला २० तास, ८१ ला १० तास, ८४ ला ५ तास.

या हिशेबाने ८८ डेसिबलला आठवड्याचे जेमतेम दोन तास येतात. हा मुलगा खेळत होता एकवीस तास. सोमवारच्या पहिल्या दोन तासांतच त्याचा आठवड्याचा वाटा संपत होता, आणि उरलेले एकोणीस तास वरचेच. वर मिरवणुकीतला डीजे किंवा मोबाइलवरची गाणी असतील तर तेही याच हिशेबात धरायचे.

"दर तासाला दहा मिनिटं सुट्टी देतो" असं बरेच पालक समाधानाने सांगतात. सुट्टी चांगलीच आहे, पण तीन तासांतले तीस मिनिटं वजा केले तरी राहतात अडीच तास. ८८ चा आवाज तसाच असेल तर त्याने फारसं काही बदलत नाही.

कूलर कानाशी ठेवून मुलाला दोष देणे

हा मुद्दा सोलापुरात सोडून चालत नाही. पारा त्रेचाळीसच्या पुढे गेला की दुपारी पत्र्याचा डेझर्ट कूलर फुल स्पीडला लागतो, आणि मूल त्याच्या झोतातच बसतं. त्या घरात खुर्चीपासून कूलर दीड हातावर होता. मुलाच्या डोक्यापाशी मोजलं तर नुसत्या कूलरचा आवाज ६८ डेसिबल. त्यात शत्रूच्या पावलांचा बारीक आवाज ऐकायचा तर हेडसेटचा आवाज चढवल्याशिवाय गत्यंतर नाही. मूल हट्टी नव्हतं, कूलरवर मात करत होतं.

आम्ही कूलर पलीकडच्या खिडकीत लावला आणि स्पीड एक खाली आणला. आवाज ५७ वर आला. मग मुलाला काही न सांगता त्याच्या नेहमीच्या खेळात हेडसेट पुन्हा मोजला, तर त्याने आपणहूनच तो ८२ पर्यंत खाली आणलेला होता. सहा डेसिबल म्हणजे वेळेच्या हिशेबात चौपट फरक, आणि खर्च शून्य.

पावलांच्या आवाजावर आणखी एक उपाय आहे. गोळीबाराच्या खेळात बारीक आणि मोठ्या आवाजांत प्रचंड अंतर असतं. पावलं ऐकू यावीत म्हणून मूल सगळाच आवाज वाढवतं, आणि मग स्फोट कानात फुटतो. कितीतरी खेळांच्या ऑडिओ सेटिंगमध्ये Dynamic Range किंवा Night Mode असतं. तिथे अंतर कमी करणारा पर्याय निवडला की पावलं मोठी होतात आणि स्फोट दबतो. मित्रांशी बोलताना त्यांचा आवाज कमी येतो म्हणून सगळं चढवायची सवय असेल, तर खेळ आणि गप्पा यांचा तोल बदला. एक्सबॉक्सवर यासाठी headset chat mixer आहे. तिथेच mic monitoring चालू केलं की मुलाला स्वतःचा आवाज हेडसेटमध्ये ऐकू येतो आणि ते ओरडून बोलणं कमी करतं.

एकच बटण खाली करून झालं म्हणणे

आवाजाची बटणं साखळीसारखी असतात. खेळातली पट्टी, कन्सोलची पट्टी, हेडसेटच्या वायरवरचं चाक. वडिलांनी खेळातली पट्टी खाली आणली होती. मुलाने पाच मिनिटांत चाक फिरवलं आणि आवाज जिथल्या तिथे.

यासाठी मी उलट क्रमाने जायला सांगते. मुलाच्या हाताशी असलेलं चाक पूर्ण वर करा. खेळातली पट्टीही पूर्ण. मग कन्सोलची पट्टी हळूहळू खाली आणत मोजा, म्हणजे सगळं वर असतानाही मर्यादा ओलांडता येणार नाही. पीएस४ वर Settings > Devices > Audio Devices > Volume Control (Headphones). पीएस५ वर Settings मधल्या Sound मध्ये Volume. एक्सबॉक्सवर Settings > General > Volume & audio output. निन्टेंडो स्विचवर System Settings मधल्या System भागात हेडफोनचा कमाल आवाजच कमी करणारी वेगळी सोय आहे, ती आधी चालू करून मग मोजा.

त्या मुलाच्या पीएस४ वर आम्ही ७३ पर्यंत आलो. मुद्दाम ७५ च्या खाली. मोजणी चार डेसिबलने चुकली असेल आणि खरा आवाज ७७ असेल, तरी आठवड्याला पंचवीस तास मिळतात, आणि त्याचे एकवीस त्यात बसतात.

कन्सोलची पट्टी मात्र मूलही वर करू शकतं. पीएस बटण दाबून धरलं की झटपट मेन्यूत आवाज सापडतो. समजूतदार मुलाला आकडे दाखवले तर पुरतं. नाही पुरलं तर वायरचा हेडसेट आणि कंट्रोलर यांच्यामध्ये आवाज कमी करणारी लिमिटर केबल लावता येते. तिच्या पिनवर तीन काळ्या रेघा आहेत का बघून घ्या. दोनच असतील तर माइक चालणार नाही आणि मूल ती दुसऱ्याच दिवशी काढून ठेवील. युएसबी डाँगलवर चालणाऱ्या वायरलेस हेडसेटला ही केबल उपयोगाची नाही.

"८५ डेसिबल, मुलांसाठी सुरक्षित" यावर विसंबणे

खोक्यावरचा हा आकडा कारखान्यातल्या प्रौढ कामगारांच्या आठ तासांच्या पाळीच्या मर्यादांशी नातं सांगतो. मुलांच्या हिशेबाने ८५ ला आठवड्याचे चार तासच येतात. शिवाय यातले बरेच हेडफोन आतल्या रोधकाने आवाज कमी करतात, त्यामुळे कोणत्या यंत्राला जोडले यावर कमाल आवाज बदलतो. असा हेडफोन वापरा, पण मोजून.

शिट्टी थांबली म्हणून विसरणे

खेळानंतर कान दडे बसल्यासारखे वाटणं किंवा शिट्टी वाजणं हे कान थकल्याचं लक्षण आहे. काही तासांत ते जातं. पण आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. सुरुवातीचं नुकसान बहुतेक ४००० हर्ट्झच्या आसपास दिसतं आणि बोलणं ऐकायला अजून अडचण येत नाही, त्यामुळे घरी कळत नाही. शिट्टी दुसऱ्या दिवशीही राहिली तर ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर वाट न बघता त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा.

या मुलाची ऑडिओमेट्री चांगली निघाली. वडिलांच्या आलेखात मात्र ४००० हर्ट्झला स्पष्ट खाच होती, आणि त्यांनी त्या दिवशी माझ्याकडून कानात घालायच्या बोळ्यांची जोडी नेली.

दिवाळीच्या सुट्टीत ते पुन्हा आले. मामाने नवा हेडसेट घेऊन दिला होता. कन्सोलची पट्टी होती तिथेच होती, तरी सीडीवर मोजलं तर ८१. या वेळी मोजणी मुलानेच केली होती, आणि पट्टी किती घरं खाली आणावी लागेल एवढंच त्याला विचारायचं होतं.