पीएमपीची २३० मिनिटं : वेळेच्या तयारीची यादी

अभ्यास झाला की वेळेची तयारी वेगळी करा. जानेवारी २०२१ पासूनच्या स्वरूपात पीएमपी या प्रकल्प व्यवस्थापनाच्या प्रमाणपत्र परीक्षेला १८० प्रश्न आणि २३० मिनिटं असतात. ६० आणि १२० प्रश्नांनंतर दहा-दहा मिनिटांची सुट्टी मिळते. स्वरूप अधूनमधून बदलतं, म्हणून तुमच्या तारखेला लागू असलेले आकडे आधी ही परीक्षा घेणाऱ्या पीएमआय या संस्थेच्या संकेतस्थळावर बघून घ्या आणि पुढचं गणित त्यावर बसवा.

सगळ्यात आधी एक नियम पक्का डोक्यात ठेवा. ६० प्रश्न झाले की उत्तरं तपासायचा स्क्रीन येतो. तो ओलांडून पुढे गेलात की मागचे ६० प्रश्न कायमचे बंद, त्यातले खूण केलेलेही. ‘खूण करून ठेवू, शेवटी बघू’ ही शाळेपासूनची सवय इथे चालत नाही. प्रत्येक भागाची खूण त्याच भागात निकाली काढायची, आणि त्यासाठीचा वेळ त्या भागातच राखून ठेवायचा.

आता गती. २३० भागिले १८० म्हणजे प्रश्नाला साधारण ७७ सेकंद. पण ७७ ने चाललात तर फेरतपासणीला काहीच उरत नाही. मी वीस प्रश्नांना २३ मिनिटं धरते, म्हणजे प्रश्नाला ६९ सेकंद. स्क्रीनवरचं घड्याळ उरलेला वेळ दाखवतं, म्हणून आकडेही उरलेल्या वेळेचेच पाठ करा: २० प्रश्नांनंतर २०७, ४० नंतर १८४, ६० नंतर १६१. सहा मिनिटं तपासणी, आणि १५५ वर पहिली सुट्टी. दुसऱ्या भागातही तसंच करून ८० वर दुसरी सुट्टी. तिसऱ्या भागाचे प्रश्न संपतील तेव्हा ११ मिनिटं हातात असतील. कागद आत नेता येत नाही, म्हणून हे आकडे तोंडपाठच हवेत. घड्याळाकडे मात्र वीस प्रश्नांनी एकदाच बघा. दर प्रश्नाला बघितलं की वाचलेलं डोक्यात राहत नाही आणि तोच परिच्छेद परत वाचावा लागतो.

मागे पडलात तर काय करायचं, हेही आधीच ठरवून ठेवा. समजा ४० व्या प्रश्नाला १८४ ऐवजी १७६ दिसतायत, म्हणजे आठ मिनिटं मागे. इथे बहुतेक जण घाबरून पुढचे वीस प्रश्न धावत सोडवतात, आणि प्रश्नातला ‘आधी काय कराल’ हा शब्द निसटतो. हिशेब शांतपणे मांडा. उरलेल्या १४० प्रश्नांना त्याच ६९ सेकंदांनी १६१ मिनिटं लागतील. १७६ मधून १६१ गेले की १५ उरतात. तपासणीला राखलेली एकूण २३ मिनिटं होती, ती आता १५ झाली, इतकंच. वाचायची गती तीच ठेवा, खुणा कमी करा: पहिल्या दोन भागांत सहाऐवजी चार-चार मिनिटं, शेवटी सात.

खुणेबद्दल माझं मत ठाम आहे: एका भागात सहाच्या वर खुणा नकोत. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे आधी उत्तर निवडायचं आणि मगच खूण करायची. वेळ संपला तरी प्रश्न कोरा राहत नाही. खूण फक्त तिथेच, जिथे दोन पर्याय उरलेत आणि पुन्हा वाचल्यावर निकाल लागेल असं वाटतं. अजिबात ओळखीचा नसलेला प्रश्न उत्तर निवडून, खूण न करता सोडून द्या. १८० पैकी पाच प्रश्नांचे गुण धरलेच जात नाहीत आणि ते कुठले हे कळत नाही. तीन मिनिटं खाणारा विचित्र प्रश्न त्यातलाही असू शकतो. परत आल्यावर खुणेला एक मिनिट, आणि प्रश्नात नवं काही दिसलं तरच उत्तर बदला.

सुट्टीची दहा मिनिटं २३० मध्ये धरत नाहीत, पण अकरावं मिनिट तुमच्या परीक्षेच्या वेळातून जातं. केंद्रावर परत आत जाताना पुन्हा तपासणी होते, घरून देत असाल तर निरीक्षकाकडून पुन्हा परवानगी लागते. म्हणून हातात खरी सहा-सात मिनिटंच धरा. आधी स्वच्छतागृह, मग पाणी आणि दोन घास, जे सराव परीक्षेत पोटाला मानवलेत तेच. सुट्टी घेणं सक्तीचं नाही, पण पहिली तरी घ्याच. दीड तासाच्या आसपास लांब परिच्छेद दोनदा वाचावे लागायला लागतात, आणि तिथे गेलेला वेळ घड्याळात लगेच दिसत नाही.

हे सगळं परीक्षेच्या दोन आठवडे आधी ६०-६० प्रश्नांच्या संचावर करून बघा. त्यानंतर एकदा पूर्ण १८० प्रश्नांची सराव परीक्षा द्या, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून, सुट्ट्याही घड्याळ लावून घेऊन. प्रत्येक टप्प्यावर घड्याळात काय दिसलं ते संपल्यावर लिहून काढा. तुमचे वीस प्रश्न २३ ऐवजी २५ मिनिटांत होत असतील, तर तपासणीला जेमतेम पाच मिनिटं उरतात. मग खुणा भागाला एक-दोनच ठेवायच्या.