जुन्या लाकडी दाराला दुसरं कुलूप बसवताना या चुका टाळा

जुन्या सागवानी दाराला डेडबोल्ट, म्हणजे चावी फिरवल्यावर ज्याचा दांडा चौकटीत शिरतो असं कुलूप, बसवताना सगळं लक्ष दारावरच्या कुलपाकडे जातं. पण असं दार पहारीनं किंवा लाथेनं उघडलं जातं, तेव्हा बऱ्याचदा कुलूप शाबूत राहतं आणि चौकटीचं लाकूड फाटून बोल्ट, म्हणजे तो दांडा, चौकटीवरच्या पट्टीसकट बाहेर येतो. म्हणून चौकटीपासूनच सुरुवात करा. वाळवीची शंका असेल तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा. दार ढकलल्यावर चौकट भिंतीपासून हलत असेल, तर आधी ती पक्की करून घ्या.

पहिली चूक बोल्ट किती बाहेर येतो हे न मोजण्याची. दुकानात 25 मिलिमीटर बोल्ट बाहेर येणारं कुलूप मागा. जुन्या दारात आणि चौकटीत 5 मिलिमीटर फट सहज असते. बोल्ट 15 मिलिमीटरच येत असेल, तर चौकटीत जेमतेम 10 शिरतो. उन्हाळ्यात लाकूड आक्रसलं की आणखी एक-दोन कमी होतात, आणि पहार घालून फट रुंद केली की बोल्ट सुटतो. 25 मिलिमीटरच्या बोल्टचे 20 मिलिमीटर आत राहतात. काही कुलपांत पूर्ण बोल्ट दोन फेऱ्यांनी येतो. तिथे घरातल्या सगळ्यांनी दोन्ही फेऱ्या देणं गरजेचं आहे.

याहून जास्त आढळणारी गडबड म्हणजे कुलूप चांगलं, पण चौकटीतलं भोक उथळ. बोल्ट तळाला टेकतो, चावी थोडी अलीकडेच अडते आणि कुलूप लागलं असं वाटतं. प्रत्यक्षात बोल्ट पूर्ण बाहेर आल्याशिवाय आतली अडक बसत नाही, आणि अर्धवट आलेला बोल्ट फटीतून टोकदार वस्तूनं मागे ढकलता येतो. तपासणी सोपी आहे. दार उघडं ठेवून चावी फिरवा आणि ती कुठे थांबते ते लक्षात ठेवा. दार बंद करूनही ती तिथेच थांबली पाहिजे. अलीकडे थांबली, तर भोकातला भुसा काढा आणि भोक 30 मिलिमीटरपर्यंत खोल करा.

चावी फिरवताना दार उचलावं किंवा ओढावं लागत असेल, तर बोल्ट चौकटीवरच्या पट्टीला, म्हणजे स्ट्राइक प्लेटला घासतोय. बोल्टच्या टोकाला ओला खडू लावून बंद दारात फिरवा. प्लेटवर खूण उमटेल. खूण भोकाच्या खाली आली, तर दार उतरलंय. इथे बरेच कारागीर कानस घेऊन प्लेटचं भोक मोठं करतात. मग दार बंद असतानाही खडखडतं, आणि पुढच्या वर्षी आणखी उतरतं. बिघाड वरच्या बिजागरीत असतो. तिचे सैल स्क्रू काढा, भोकांत सागाच्या काड्या गोंद लावून ठोका, सुकल्यावर नव्यानं स्क्रू पिळा. पावसाळ्यात फुगलेल्या दाराच्या मापानं प्लेट बसवू नका. दिवाळीनंतर लाकूड सुकलं की काम काढावं.

स्क्रूच्या बाबतीत मी कारागिराशी तडजोड करणार नाही. पाकिटातले स्क्रू अनेकदा पाऊण इंचाचे असतात; ते प्लेट धरून ठेवतात, धक्का सोसत नाहीत. तीन इंची स्क्रू वापरा हा सल्ला अमेरिकेतल्या घरांसाठी आहे, कारण तिथे पातळ चौकटीमागे लाकडी खांब असतो. आपल्याकडे मागे विटा आणि प्लास्टर. आपली चौकट अडीच इंच जाड असेल आणि त्यात अर्ध्या इंचाची खाच असेल, तर स्क्रूला दोनच इंच लाकूड मिळतं. त्यामुळे 45 ते 50 मिलिमीटरचा स्क्रू योग्य. त्याहून लांब टोक प्लास्टरमध्ये जाऊन काहीच धरत नाही. जिप्सम बोर्डाचे काळे स्क्रू नकोत, धक्क्यानं त्यांची मान तुटते. जाड पोलादी प्लेट घ्या. आधी 3 मिलिमीटरचं भोक पाडा, स्क्रूला मेण किंवा साबण लावा. अर्धा स्क्रू हातोडीनं ठोकून उरलेला पिळायचा, ही पद्धत तर ठाम नाकारा: आट्यांची पकड जाते आणि जुना साग चिरतो.

दारातलं भोकही जपून पाडा. नळीसारख्या डेडबोल्टला साधारण 54 मिलिमीटरचं भोक लागतं, ज्याचं केंद्र कडेपासून 60 मिलिमीटरवर येतं. म्हणजे भोक 87 मिलिमीटरपर्यंत जातं. दाराची उभी पट्टी 90 मिलिमीटरचीच असेल, तर पॅनेलच्या खाचेजवळ लाकूड उरतच नाही. अशा दाराला आतून पृष्ठभागावर बसणारं कुलूप लावा. मधल्या आडव्या पट्टीच्या सांध्यावर तर भोक पाडूच नका, सांध्यात शिरलेलं लाकूड कापलं जातं.

दोन पल्ल्यांच्या दारात प्लेट दुसऱ्या पल्ल्यावर येते. तो पल्ला वर-खाली कड्यांनी घट्ट धरलेला नसेल, तर दोन्ही पल्ले एकदम आत ढकलले जातात. वरची कडी चौकटीत आणि खालची उंबऱ्यात किमान इंचभर शिरते का, ते प्लेट बसवायच्या आधीच पाहून घ्या.