टॉक्सिक शॉक: क्लिंडामायसिन आणि इम्युनोग्लोब्युलिन देताना या चुका टाळा

समजा, ऐन पावसाळ्यात पस्तिशीतला, ६० किलो वजनाचा रुग्ण आला. ताप, उलट्या, अंगभर लाली, रक्तदाब ८४/५०, प्लेटलेट ९० हजार. आपल्याकडे पहिला संशय डेंग्यूचाच येतो. एनएस१ निगेटिव्ह आलं तरी सलाइन चालू राहतं आणि पोटरी दुखतेय हे त्याचं म्हणणं कोणी मनावर घेत नाही. वरून जेमतेम लाल दिसणारी पोटरी नुसता हात लावला तरी कळवळायला लावत असेल, तर आत स्ट्रेप्टोकॉकस पसरलाय असंच धरून चाला. स्ट्रेपच्या या टॉक्सिक शॉकमध्ये रक्तदाब पडायच्या आधीच क्रिएटिनिन वाढलेलं असू शकतं. त्यामुळे २.१ आकडा बघून ‘पाणी कमी पडलं असेल’ म्हणू नका.

पुढची चूक एकट्या पेनिसिलिनवर किंवा सेफ्ट्रायॅक्सोनवर विसंबण्याची. ही औषधं वाढत्या जंतूंना मारतात. संसर्ग दाट झाला की जंतूंची वाढ मंदावते, मग या औषधांचा जोर कमी पडतो आणि विष तयार होणं चालूच राहतं. क्लिंडामायसिन जंतूची प्रथिनं बनवण्याची यंत्रणाच रोखतं, म्हणजे विषाचा कारखाना बंद. मोठ्यांना शिरेतून ९०० मिग्रॅ दर ८ तासांनी. मूत्रपिंड बिघडलं म्हणून हा डोस कमी करावा लागत नाही.

मात्र ते एकटंही देऊ नका. क्लिंडामायसिनला दाद न देणारे स्ट्रेप्टोकॉकस असतात, पेनिसिलिनला मात्र ते अजून वश आहेत. म्हणून दोन्ही बरोबर, ब्लड कल्चर घेतल्या घेतल्या. स्टॅफिलोकॉकसची शंका असेल तर व्हॅन्कोमायसिनही जोडा. स्टॅफच्या टॉक्सिक शॉकमध्ये ब्लड कल्चर बहुधा निगेटिव्हच येतं, तेव्हा तेवढ्यावरून निदान खोडू नका. टॅम्पून किंवा जखमेतलं पॅकिंग राहिलंय का, ते स्वतः बघून काढा.

इम्युनोग्लोब्युलिनच्या बाबतीत घोळ वेळेचा होतो. सगळं करून थकल्यावर, तिसऱ्या दिवशी ते आठवतं. पुरावा फार भक्कम नाही, चाचण्या छोट्या आहेत. तरीही स्ट्रेपच्या शॉकमध्ये द्यायचंच तर लवकर द्यावं: पहिल्या दिवशी १ ग्रॅम प्रतिकिलो, पुढचे दोन दिवस अर्धा-अर्धा. आपल्या रुग्णाला ६०, ३० आणि ३० ग्रॅम. १० टक्क्यांच्या द्रावणात पहिलाच डोस ६०० मिली होतो, तो द्रवाच्या हिशेबात धरा. साखरयुक्त उत्पादन आधीच बिघडलेल्या मूत्रपिंडाला आणखी त्रास देतं, तेव्हा लेबल वाचून घ्या. आणि एवढं महाग औषध सुरू झालं म्हणून सर्जनला फोन करायचा राहू नये. पोटरीतली सडलेली ऊती कापल्याशिवाय हे सगळं व्यर्थ आहे.

उलट टोकाची चूक स्कार्लेट फीव्हरमध्ये होते. खरखरीत पुरळ, लालभडक जीभ, घसा सुजलेला, पण मूल खेळतंय, रक्तदाब ठीक आहे. विष तेच असलं तरी इथे इम्युनोग्लोब्युलिन नको. पेनिसिलिनची ॲलर्जी नसेल तर क्लिंडामायसिनही नको. पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन १० दिवस पुरतं. ताप उतरला की तिसऱ्या दिवशी ते बंद करणारे पालक मात्र भेटतात.