दशांश अपूर्णांकाच्या पाठाआधीची छोटी चाचणी: तयारीची यादी

सहावीच्या वर्गात दशांश अपूर्णांकांची तुलना शिकवण्यापूर्वी मुलांना नेमके कुठून सुरुवात करून द्यायची आणि कोणाला कोणाबरोबर बसवायचे हे ठरवण्यासाठी एक आठ प्रश्नांची चिठ्ठी पुरते. ऐरोलीच्या आमच्या वर्गात मागच्या वेळी मी ती घेतली तेव्हा एका प्रकारच्या जोड्या तिच्यात घालायच्या राहिल्या, आणि ज्या मुलांना सर्वांत आधी मदत हवी होती तीच मुले ‘यांना येते’ या गटात जाऊन बसली. त्या जोड्यांचा उल्लेख या यादीत वारंवार येईल आणि तो येऊ द्यावा.

कागद, पेन, हजेरी क्रमांक यांविषयी सांगण्याची गरज नाही. वेळ मात्र आधी ठरवावी. चाचणी पाठाच्या आदल्या दिवशी, तासाच्या शेवटच्या दहा मिनिटांत घ्यावी. पाठाच्याच तासात घेतली तर पंचेचाळीस-पन्नास चिठ्ठ्या वाचून लावण्यासाठी वेळ उरत नाही, आणि न वाचता गट पाडायचे असतील तर चाचणी घेण्यात अर्थ नाही. हिला गुण नाहीत हे मुलांना आधीच स्पष्ट सांगावे, नाहीतर ती शेजारच्या चिठ्ठीत पाहतात आणि आपल्या हाती शेजाऱ्याची समजूत लागते. त्या दिवशी उजळणी घेऊ नये. विशेषतः ‘शून्य लावून अंक सारखे करा’ ही युक्ती फळ्यावर येऊ देऊ नये. ती आठवली की मूल ०.६ चे ०.६० करते, साठ आणि पंचेचाळीस अशी पूर्ण संख्यांची तुलना करते आणि बरोबर उत्तर देते. दशांश आणि शतांश यांविषयी त्याच्या मनात काय आहे ते झाकलेलेच राहते.

प्रश्न लिहायला बसण्यापूर्वी चुका कशा होतात हे मनात पक्के असावे. तुलनेत मुलांच्या दोन समजुती ठळकपणे दिसतात आणि त्या एकमेकींच्या अगदी उलट आहेत. पहिली समजूत अशी की दशांश चिन्हापुढे अंक जास्त तर संख्या मोठी. असे मूल ०.४५ ही संख्या ०.६ पेक्षा मोठी म्हणते, कारण त्याच्या दृष्टीने पंचेचाळीस सहापेक्षा मोठे आहेत. आपण वर्गात ‘पॉइंट पंचेचाळीस’ असे वाचतो, त्यानेही या समजुतीला बळ मिळते. दुसरी समजूत अशी की चिन्हापुढे अंक जास्त तर संख्या लहान. हे मूल ०.३ ही संख्या ०.७५ पेक्षा मोठी म्हणते. त्याने नुकतेच व्यवहारी अपूर्णांकांत शिकलेले असते की छेद मोठा तर भाग लहान, आणि शतांश दशांशापेक्षा लहान असतो हेही त्याला ठाऊक असते. ते भाग किती घेतले आहेत, याकडे मात्र त्याचे लक्ष जात नाही. मेलबर्न विद्यापीठात के स्टेसी आणि विकी स्टाइनल यांनी अशाच जोड्यांवरून मुलांची समजूत ओळखण्याची चाचणी बांधली आहे. आपल्या वर्गासाठी तिचे तत्त्व घेतले तरी पुरे.

आता जोड्या. प्रत्येक जोडीत मोठ्या संख्येभोवती मुलांनी गोल करायचा. पहिल्या तीन जोड्यांत कमी अंकांची संख्या मोठी असावी: ०.६ आणि ०.४५, ४.७ आणि ४.५२, ०.८ आणि ०.३२५. पुढच्या तीन जोड्यांत जास्त अंकांची संख्या मोठी असावी: ०.३ आणि ०.७५, २.४ आणि २.६१, ०.५ आणि ०.७३६. या दुसऱ्या तिघींना मी उलट जोड्या म्हणतो. चिठ्ठी लिहून झाली की उलट जोड्या आहेत का ते पाहावे. छापण्यापूर्वी पुन्हा पाहावे.

कारण नीट समजून घ्यावे. फळ्यावर चूक दाखवायची म्हटले की आपल्याला ०.६ आणि ०.४५ हीच जोडी सुचते, कारण तिच्यात बहुतेक मुले फसतात असा आपला अनुभव असतो. म्हणून चिठ्ठीतही नकळत त्याच प्रकारच्या जोड्या भरल्या जातात. अशा चिठ्ठीत ‘जास्त अंक म्हणजे लहान’ असे मानणाऱ्या मुलाचे प्रत्येक उत्तर बरोबर येते. कमी अंकांच्या संख्येभोवती गोल करत ते जाते आणि आपण त्याला पुढच्या गटात बसवतो. उलट जोडीखेरीज हे मूल सापडण्याचा दुसरा मार्ग त्या चिठ्ठीत नसतो. आणि ही शांत, नीटनेटकी, अपूर्णांक मन लावून शिकलेली मुलेही असू शकतात, त्यामुळे शंकाही येत नाही.

सहाही जोड्या मिसळून लिहाव्यात आणि मोठी संख्या कधी डावीकडे, कधी उजवीकडे ठेवावी. दोन्ही संख्यांत चिन्हापुढे अंक सारखे असतील अशी जोडी घालू नये. ती या दोन्ही समजुतींपैकी एकही पकडत नाही. आमच्या वर्गात तुर्भ्याच्या बाजारात काम करणाऱ्या पालकांची मुले आहेत आणि इलेक्ट्रॉनिक काट्यावर ०.४५० आणि ०.६०० हे आकडे ती नेहमी पाहतात. तिथे ती बिनचूक तुलना करतात, कारण काट्यावर चिन्हापुढे सगळीकडे तीनच अंक असतात आणि मुले ते ग्रॅम म्हणून वाचतात. रुपये-पैशांचेही तसेच, तिथे दोनच अंक असतात. या उदाहरणांवरून ‘यांना दशांश येतात’ असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये.

सातवा प्रश्न: ०.७ आणि ०.७०, यांत मोठी कोणती, की दोन्ही समान? आठवा: ०.४ आणि ०.५ यांच्या मधली एक संख्या लिहा. नसेल तर ‘नाही’ लिहा. शिकवणीत शून्य लावण्याची युक्ती घोकलेली मुले सहाही जोड्या बरोबर सोडवू शकतात, पण त्यांतली काही इथे ‘नाही’ लिहितात. त्यांना पुढे नेण्यापूर्वी संख्यारेषेवर थोडा वेळ थांबवावे लागते.

चिठ्ठ्या वाचताना गुणांची बेरीज करू नये. समजा, एका मुलीची पहिल्या प्रकारच्या तिन्ही जोड्यांची उत्तरे चुकली आणि उलट जोड्या तिन्ही बरोबर आल्या. दुसऱ्या मुलाचे नेमके विरुद्ध झाले. बेरीज केली तर दोघांना सहापैकी तीन गुण, दोघेही ‘मध्यम’, दोघेही एका बाकावर. आणि त्यांच्या समजुती मात्र परस्परविरुद्ध. म्हणून प्रत्येक चिठ्ठीवर दोनच आकडे लिहावेत: साध्या जोड्यांत किती बरोबर आणि उलट जोड्यांत किती बरोबर. शून्य-तीन किंवा एक-तीन असेल तर ‘जास्त अंक म्हणजे मोठी’. तीन-शून्य किंवा तीन-एक असेल तर ‘जास्त अंक म्हणजे लहान’. तीन-तीन असेल तर सातवा आणि आठवा प्रश्न पाहून ठरवावे. दोन-एक, एक-दोन, दोन-दोन असे काही आले तर त्यावरून गट ठरवू नये, कारण नुसता अंदाजाने गोल करणाऱ्या मुलालाही तीनपैकी दोन किंवा अधिक जोड्या निम्म्या वेळा बरोबर येतात. अशा मुलाला जवळ बोलावून एकच जोडी पुढे ठेवावी आणि ‘ही मोठी कशावरून?’ एवढे विचारावे. एका मिनिटात उलगडा होतो.

सुरुवात कुठून करायची हे ढिगाऱ्यांवरून दिसते. निम्म्याहून अधिक वर्ग एकाच समजुतीचा असेल तर गट न पाडता तिथूनच सर्वांना शिकवावे आणि उरलेल्यांना त्या वेळेत वेगळे काम द्यावे. ढिगारे साधारण सारखे असतील तरच गट पाडावेत. तीन पुरेत, चौथा गट एका शिक्षकाला सांभाळवत नाही.

दोन समजुतींचे गट एकत्र बसवू नयेत, आणि याचे कारण सोयीचे नाही. पहिल्या गटाला आपण सहजच सांगतो की अंक जास्त म्हणून संख्या मोठी होत नाही. हे वाक्य दुसऱ्या गटातील मुलाच्या कानी पडले की त्याला आपली चूक बरोबरच होती असे वाटते. एकाचे औषध दुसऱ्याला बाधते. उलट जोड्या चिठ्ठीत नसतील तर ही बाधा आपल्या हातून होते आणि आपल्याला कळतही नाही. एवढ्यासाठीच त्या पुन्हा तपासाव्यात.

पहिल्या गटासाठी शंभर घरांचा चौकोन हवा. ०.६ साठी सहा पूर्ण रांगा, म्हणजे साठ घरे रंगवावीत आणि शेजारच्या चौकोनात ०.४५ साठी पंचेचाळीस. त्याआधी तोंडी विचारावे की अडीच किलो जास्त की सव्वादोन किलो. याचे उत्तर बहुतेकांना अचूक येते. मग तेच २.५ आणि २.२५ असे लिहून पुन्हा विचारावे. बोलीतले उत्तर आणि कागदावरचे उत्तर जुळत नाही हे मुलाला स्वतःच दिसते आणि तिथून बोलणे सुरू करता येते. दुसऱ्या गटासाठीही चौकोन तोच, प्रश्न मात्र वेगळा: एक शतांश एका दशांशापेक्षा लहान आहे हे तुझे खरे, पण ते पंचाहत्तर घेतले तर तीन दशांशांपेक्षा कमी भरतात का? जे त्याला बरोबर येते ते आधी मान्य करावे, नाहीतर तो तेही सोडून देतो. चौकोन आदल्या दिवशीच छापून ठेवावेत. तासात पट्टीने आखायला लावले तर अर्धा तास आखण्यातच जातो.

तिसऱ्या गटाला ०.४ आणि ०.५ यांच्या मधल्या पाच संख्या शोधून संख्यारेषेवर दाखवायला द्याव्यात. त्यांतली एक तरी सहस्रांशातली असावी.

गटांना हुशार-मठ्ठ असा वास येईल अशी नावे नकोत. बाकांची रांग सांगितली की झाले. चिठ्ठ्या मुलांना परत देऊ नयेत, त्यांचा फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकू नये.

पाठ झाल्यावर चार जोड्यांची दुसरी चिठ्ठी, संख्या बदलून. दोन साध्या, दोन उलट. ज्यांचे आकडे अजून एकाच बाजूला झुकलेले असतील त्यांना दुसऱ्या दिवशी पहिली दहा मिनिटे चौकोनावरच ठेवावे. बाकीच्यांनी बेरजेकडे जावे.