डे पास महाग की महिन्याचं टेबल स्वस्त? आधी हजेरीची वही बघा

लातूरमध्ये माझी १२ टेबलांची छोटी कोवर्किंग जागा आहे. सोमवार ते बुधवार गर्दी आणि शुक्रवार-शनिवारी निम्मी टेबलं रिकामी, तरी जागेचं भाडं मात्र मला पूर्ण महिन्याचं भरावं लागतं.

दर होते डे पास २०० आणि महिना ३,५००. भागाकार केला तर १७.५ आले, म्हणजे १८ दिवस येणाऱ्यालाच महिना परवडणार. वहीत मात्र नेहमीची मंडळी महिन्याला १२-१३ दिवसच येत होती. मग महिन्याचं टेबल घेणार कोण?

१. गेल्या दोन महिन्यांच्या वहीतून प्रत्येक जण किती दिवस आला ते मोजा.
२. नेहमीच्यांचे दिवस साधारण जितके, त्या आकड्याने महिन्याच्या दराला भागा. माझं उत्तर ३,५०० भागिले १२, म्हणजे सुमारे २९२. म्हणून डे पास ३०० केला. आता १२ दिवसांचे ३,६०० होतात, त्यामुळे महिना घेणं सोपं वाटतं. महिन्याचा दर पाडायची गरजच पडली नाही.
३. शुक्रवार-शनिवारचा पास २०० वरच ठेवा. कधीतरी येणारे तिकडे सरकतात.

एक जपा: महिन्याची टेबलं विकताना सरासरी हजेरी धरू नका, सोमवारची धरा. सगळे महिनेवाले एकाच सोमवारी आले तरी प्रत्येकाला खुर्ची मिळाली पाहिजे. मी १२ पैकी ९ वर थांबलो, उरलेली ३ डे पाससाठी ठेवली.