दिवाळीच्या शुभेच्छांची यादी: कुणाला चार ओळी, कुणाला सगळ्यांसोबत

यादी करायला फोनमधल्या नावांपासून सुरुवात करू नका. तिथे गॅसवाला, जुन्या घराचा दलाल आणि "राजू प्लंबर नवा" हे सगळे आत्याच्या शेजारी बसलेले असतात. त्यापेक्षा घरातल्या शेवटच्या लग्नाची पत्रिका वाटपाची यादी शोधा. आहेराची वही सापडली तर फारच उत्तम. आपल्याकडे कोण येतं-जातं हे त्या वहीत आधीच लिहून ठेवलेलं असतं. लग्नानंतर जोडलेली माणसं, म्हणजे ऑफिसातले, सोसायटीतले, मुलांच्या शाळेतले, फोनमधून वर घाला.

एका ओळीत एक घर लिहा, एक नंबर नव्हे. काकांना पाठवलेला मेसेज काकूंपर्यंत पोचतोच असं नाही, म्हणून त्या घरी कुणाच्या फोनवर पाठवायचं ते नावापुढे लिहा. माझ्याकडे गेल्या वर्षी २१२ नावं होती, त्यांची घरं भरली ९६.

आता तिसरा रकाना, आणि हाच सगळ्यात महत्त्वाचा: "यंदा काय झालं". बाळ झालं, नवं घर घेतलं, ऑपरेशन झालं, मुलगा परदेशी गेला, कुणी वारलं. हा रकाना आईला शेजारी बसवून भरा, तिला सगळं ठाऊक असतं. आदल्या वर्षी मी तो भरलाच नव्हता. श्रावणात यजमान गेलेल्या एका मावशींना माझ्याकडून पणत्यांच्या चित्रासकट "ही दिवाळी आनंदाची जावो" गेलं. त्यांचं उत्तर आलं, "बरं." त्यांच्याकडे त्या वर्षी सणच नव्हता.

वर्षभरात माणूस गेलेल्या घरांवर आधी खूण करा आणि त्यांना शुभेच्छांच्या यादीतून बाहेर काढा. पण विसरू नका. रीत अशी की त्या घरी फराळ करत नाहीत, जवळचे लोक नेऊन देतात. तेव्हा फोन करा, नाहीतर एवढंच लिहा: "मावशी, यंदा तुमच्याकडे दिवाळी नाही हे माहीत आहे. शनिवारी सकाळी आई आणि मी डबा घेऊन येतो." त्यात "शुभ" हा शब्द नको आणि दिव्यांचं चित्रही नको.

उरलेल्यांची वाटणी नात्याच्या जवळिकीवर करू नका. सख्ख्या चुलतभावाशी रोज बोलणं होत असेल तर त्याला वेगळ्या पत्राची गरज नसते. माझी कसोटी साधी आहे: फक्त त्याच घराला लागू पडेल असं एक वाक्य सुचतंय का? सुचलं तर स्वतंत्र मेसेज, नाही सुचलं तर सर्वांसोबत. ओढूनताणून लिहिलेलं वाक्य वाचणाऱ्याला लगेच कळतं. अपवाद म्हाताऱ्या माणसांचा, त्यांना सरळ फोन लावा. अशी माझी १४ घरं फोनची झाली (दुःखाची तीन त्यातच), २२ स्वतंत्र मेसेजची आणि ६० सामाईक. एका मेसेजला तीन मिनिटं धरली तर बावीसांना तासाभराहून थोडं जास्त लागतं. मी ते दोन संध्याकाळी लिहिले.

स्वतंत्र मेसेजचा नमुना: "सर, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर जिना चढायला लागलात असं कळलं. पाडव्याला येतो, चकली मऊ असली तरी चालेल. आपणा दोघांना नमस्कार." शुभेच्छांची ओळ शेवटी आली किंवा राहूनच गेली तरी बिघडत नाही.

त्या साठांसाठी ग्रुप काढू नका. पहिल्याने हात जोडले की उरलेल्या एकोणसाठ जणांचे फोन वाजत बसतात. व्हॉट्सॲपच्या मेनूतलं New broadcast वापरा. एका यादीत २५६ जण बसतात, प्रत्येकाला मेसेज वेगळा दिसतो आणि उत्तरही तुमच्या एकट्याकडेच येतं. मेख एकच: ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला तो मिळतच नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी मेसेजवर बोट दाबून धरा, Info उघडा आणि कुणाला पोचला ते पाहा. जे राहिले त्यांना वेगळा पाठवा. मजकुरात "तू-तुम्ही"चा घोळ नको, कारण यादीत पुतण्याही असतो आणि साहेबही. "सर्वांना दीपावलीच्या शुभेच्छा" पुरे. खाली मात्र पूर्ण नाव आणि गाव लिहा.

स्वतंत्र मेसेजची बावीस घरं या ब्रॉडकास्टमधून आठवणीने काढा. दोन्ही मिळाले की आधीचं मनापासून लिहिलेलंही छापील वाटतं. स्वतंत्र मेसेज वसुबारसेच्या आसपास पाठवा. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी फोनवर इतका पूर येतो की कुणाचं काय आलं ते कुणी वाचत नाही. सामाईक मेसेज त्या दिवशी गेला तरी चालतो.

भाऊबीज झाली की वही पुन्हा उघडा. बदललेले नंबर आणि उत्तरांतून कळलेल्या बातम्या तिसऱ्या रकान्यात टाका. ईद-नाताळ ज्या घरी आहे तिथे तसं लिहून ठेवा. संक्रांतीला तीच यादी लागते.